अर्जदार : अ. ब. क.

वाणिज्य शाखेच्या इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न हमखास भेटतो. अमुक पेढीत कारकुनाची जागा रिकामी आहे, तिच्यासाठी अर्ज लिहा. नागपूरच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न दिसला की तो मनातल्या मनात गणपतीला नमस्कार करतो, कारण याचे उत्तर त्याने आठ दिवसांपूर्वीच घोकून ठेवलेले असते. बाजारातल्या प्रत्येक मार्गदर्शकात ते छापलेले आहे, आणि त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत ‘आदर्श उत्तर’ असे शब्द आहेत. वाचकहो, माझे भांडण या ‘आदर्श’ शब्दाशी आहे. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडून बसलेल्या तुम्हा मंडळींना असल्या रुक्ष विषयाचा त्रास का द्यावा, असे क्षणभर वाटले. पण तुमच्याच घरात कोणी भाचा, कोणी पुतणी या क्षणी तो अर्ज पाठ करीत बसली असेल. तेव्हा विषय काही परक्याचा नाही.

प्रथम त्या अर्जाचे दर्शन घ्या. वरच्या कोपऱ्यात पत्ता, त्याखाली तारीख, मग ‘टू, द मॅनेजर’. त्यानंतर ‘रिस्पेक्टेड सर’. मग मजकूर सुरू होतो, तो असा : आपल्या कृपाछत्राखाली एक जागा रिकामी असल्याचे विश्वसनीय सूत्रांकडून समजले, म्हणून मी त्या जागेसाठी अर्ज करण्याची याचना करतो. मी कष्टाळू, प्रामाणिक आणि निष्ठावंत आहे. मला संधी दिल्यास वरिष्ठांचे पूर्ण समाधान होईल असे काम करण्यात मी कोणतीही कसर ठेवणार नाही. या दयेच्या कृत्याबद्दल मी आपला सदैव ऋणी राहीन. शेवटी ‘युवर्स ओबिडियंटली’, आणि सहीच्या जागी तीन अक्षरे : अ. ब. क.

ही तीन अक्षरे नीट पाहा. उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्याने आपले नाव किंवा ओळख पटेल अशी कोणतीही खूण लिहू नये, असा परीक्षेचा दंडक आहे, आणि तो योग्यच आहे; नाही तर तपासनिसाला काका-मामांची पत्रे सुरू होतील. पण या दंडकाचा अर्जावर काय परिणाम होतो, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. अर्ज म्हणजे ‘मी कोण आहे’ हे सांगण्याचा कागद. इथे तो लिहिणाऱ्यालाच ‘मी कोण’ हे सांगायला मनाई आहे. नाव नाही, गाव नाही, कॉलेज नाही; म्हणून अ. ब. क. हा इसम क्षयज्ञ नगरात राहतो आणि प फ ब कंपनीला अर्ज करतो. नाव झाकले ते ठीक. पण नावाबरोबर माणूसही झाकला गेला, आणि त्या रिकाम्या अंगरख्यात विशेषणे कोंबली गेली.

एवढ्यावर भागत नाही. कारकुनाला अनुभव हवा म्हणून आदर्श उत्तरातला अ. ब. क. ‘एका नामांकित कंपनीत दोन वर्षे’ काम केल्याचे ठोकून देतो. लिहिणारे पोर अठरा-एकोणीस वर्षांचे. त्याने कॉलेजच्या कँटीनखेरीज कोठे दोन वर्षे काढलेली नाहीत. खाली ‘सोबत प्रमाणपत्रांच्या सत्यप्रती जोडल्या आहेत’ असेही वाक्य असते आणि सोबत काहीही नसते. एका पानात दोन खोट्या गोष्टी, दोन्हींना गुण! नीतिपाठाच्या तासाला आपण काय शिकवतो आणि इंग्रजीच्या तासाला काय, हे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावे.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही मॅट्रिक झालेले, दोन-चार कादंबऱ्या लिहिणारे. विद्यापीठाच्या पेपरात तुमचे काय काम? काम आहे. आमच्या गल्लीतली कॉमर्सची पोरे खरे अर्ज लिहायची वेळ आली की माझ्याकडे येतात, आणि येताना हाच कागद घेऊन येतात. पेपरातला कारकून पेपरात राहिला असता तर मी लेखणी उचलली नसती. तो पेपराबाहेर पडून पोरांच्या बोकांडी बसतो, हे माझे दुखणे आहे.

हा कारकून आला कोठून, ते पाहू. पत्रलेखनाची विद्या नागपूरला साहेबाने शिकवली असे नाही. महालातला चिटणवीसपुरा आजही त्या जुन्या धंद्याचे नाव सांगत उभा आहे. भोसल्यांच्या दरबारात चिटणीस, फडणीस, पोतनीस होते आणि त्यांची मोडी दप्तरे होती. आपल्या जुन्या पत्रांतही मायना असे. कोणाला ‘कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार’, कोणाला नुसता ‘नमस्कार’, कोणाला ‘आशीर्वाद’; माणसाची पायरी पाहून शब्द बदलत. तेव्हा आमचे पूर्वज मोठे ताठ कण्याचे होते आणि वाकणे आम्ही इंग्रजीपासून शिकलो, असे मी म्हणणार नाही. पण जुन्या पत्रात ‘विनंती विशेष’ असे दोन शब्द आले की मायना संपे आणि मजकूर सुरू होई. किती घोडी आली, किती रुपये पोचले, कोण कोठवर पोचला, हे त्यापुढे सरळ लिहिलेले असे. आदर्श उत्तराची मौज अशी की त्यात ‘विनंती विशेष’ कधी येतच नाही. ते नखशिखांत मायनाच आहे.

1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. त्याच्या दहा वर्षे आधी, 1844 मध्ये, गव्हर्नर जनरल हार्डिंज याने ठराव करून ठेवला होता की सरकारी नोकऱ्यांत इंग्रजी पद्धतीने शिकलेल्यांना अग्रक्रम मिळावा. इंग्रजीची परीक्षा आणि सरकारी खुर्ची यांची गाठ तेव्हाच बांधली गेली. पुढे नागपूर मध्यप्रांताची राजधानी झाले; सचिवालय आले, कचेऱ्या आल्या, आणि अर्ज लिहिता येणे ही घरादाराच्या भाकरीची गोष्ट झाली. साहेबाच्या सरकारी पत्राच्या शेवटी ‘आपला आज्ञाधारक सेवक’ असा ठराविक शेवट असे. गंमत अशी की वरचा अधिकारीही खालच्या माणसाला लिहिताना तोच शेवट वापरी. तो केवळ शिष्टाचार होता. त्या शब्दांवरून कोणी कोणाचा सेवक ठरत नसे. आमच्या कारकुनाने तो शिष्टाचार मनावर घेतला. शेवटचे वाक्य त्याने वर आणले, मध्ये पसरले आणि सबंध अर्ज त्यातच बुडवून काढला. साहेबाच्या देशात ते शब्द केव्हाच मागे पडले. आज तिकडे अनोळखी माणसाला ‘डिअर सर’ लिहिले तर शेवटी ‘युवर्स फेथफुली’, आणि नावाने लिहिले तर ‘युवर्स सिन्सिअरली’ लिहितात. एवढ्यावर विषय संपतो. ‘रिस्पेक्टेड सर’ ही आमची भर आहे. ‘डिअर’चा अर्थ ‘प्रिय’ असल्याचे शाळेत शिकलेल्या मुलाला परक्या मॅनेजरला ‘प्रिय’ म्हणणे अवघड वाटले असणार. त्या संकोचापोटी हा शब्द जन्मला असे मला वाटते. त्याबद्दल मी कोणाला फासावर देणार नाही.

पण ज्या खुर्चीसाठी हा अर्ज घडला, ती खुर्चीच आता अर्जाने मिळत नाही, त्याचे काय? 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूरची राजधानी गेली. कचेऱ्यांतले कितीतरी कारकून कोणी भोपाळला, कोणी मुंबईला गेले. आज महाराष्ट्र शासनात लिपिक-टंकलेखक व्हायचे तर स्पर्धा परीक्षा द्यावी लागते आणि मराठीचे मिनिटाला 30 किंवा इंग्रजीचे 40 शब्दांचे टंकलेखन यावे लागते. बहुतेक सरकारी बँकांतले कारकून 2011 पासून एका सामायिक परीक्षेतून निवडले जातात. दोन्हीकडे संगणकावर चौकटी भरायच्या असतात. तुमची याचना ऐकायला तिथे कोणी बसलेले नसते. चौकटीत ‘निष्ठावंत’ लिहायला जागाच नाही.

मग हाताने लिहिलेला किंवा टंकलेला अर्ज अजून कोण वाचतो? इतवारीतला ठोक व्यापारी वाचतो. गांधीबागेतला कापडवाला वाचतो. कळमन्याचा अडत्या, हिंगण्याचा किंवा बुटीबोरीचा लहान कारखानदार, एखादा कर-सल्लागार, एखादी सहकारी पतसंस्था वाचते. म्हणजे ज्याच्याकडे दहा-पंधरा माणसे कामाला आहेत, ज्याला अकरावे हवे आहे, आणि जो स्वतः गल्ल्यावर बसून दोन फोनांच्या मध्ये तो कागद उघडतो, असा माणूस. त्याचे ‘कृपाछत्र’ वगैरे काही नसते. दुकानावर पत्रा असतो. त्याला एवढेच कळून घ्यायचे असते की हे पोर माझे काम करील की नाही.

इतवारीतल्या माझ्या ओळखीच्या एका किराणा व्यापाऱ्याने एकदा दिवाळीच्या तोंडावर मला बोलावून घेतले. वहीपूजनाच्या आधी एक कारकून नेमायचा होता आणि जाहिरातीवर तीसेक अर्ज आले होते. ‘मास्तर, तुम्ही लिहिणारे माणूस. यातला माणूस कोणता अन् मायना कोणता, तेवढं निवडून द्या बरं.’ मी दीड तास बसलो. पहिल्या पाच अर्जांनंतर मला पुढचे वाक्य न वाचताच कळू लागले. विश्वसनीय सूत्रे सगळ्यांची एकच. जाहिरात त्या व्यापाऱ्याने वर्तमानपत्रात स्वतः दिलेली, तरी अर्धेअधिक अर्जदार ‘विश्वसनीय सूत्रांकडून समजले’ असे लिहून मोकळे! दोघांनी तर मजकुरात ‘प फ ब कंपनी’ तशीच ठेवली होती. शेवटी त्या भल्या गृहस्थाने काय करावे? त्याने अक्षर पाहिले आणि पत्ता पाहिला. जो जवळ राहतो आणि ज्याचे अक्षर वाचता येते, असे चौघे बोलावले. उरलेल्यांत त्या चौघांपेक्षा हुशार कोणी नव्हते असे थोडेच आहे? असले तरी त्यांच्या कागदाने ते लपवून ठेवले होते. आदर्श उत्तराने काय साधले ते एवढेच : तीस माणसांची तीस अक्षरे झाली.

आता एक खरी गोष्ट तपशिलाने सांगतो, म्हणजे माझे म्हणणे हवेत राहणार नाही. काटोलकडची एक मुलगी, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, सक्करदऱ्याला मावशीकडे राहून शिकणारी. लोखंडी सामानाच्या एका ठोक दुकानाची ‘हितवाद’मधली जाहिरात तिने कापून आणली होती. दुकानाला बिले करणारा आणि बाहेरगावच्या कंपन्यांशी इंग्रजीत पत्रव्यवहार सांभाळणारा लिपिक हवा होता. टॅली येत असल्यास बरे. वेळ अकरा ते आठ. तिने लिहिलेला अर्ज मला दाखवला. तो कोणता होता हे तुम्ही ओळखलेच असेल. अ. ब. क.च्या जागी तिचे नाव, बाकी शब्दन् शब्द तोच. ‘नामांकित कंपनीत दोन वर्षे’ हे वाक्य मात्र तिने गाळले होते. मी कारण विचारले. ‘सर, पुस्तक म्हणते अनुभव लिहा. पण माझ्याजवळ कुठं अनुभव आहे? खोटं कसं लिहू?’

मी तिच्या अर्जावर एक साधी परीक्षा करून दाखवली. ती तुम्हीही घरी करून पाहा. अर्जातले प्रत्येक वाक्य घ्या आणि कारकुनाच्या जागी दुसरा कोणताही धंदा घालून वाचा. सर्कशीतला माहूत घाला. ‘मी कष्टाळू, प्रामाणिक आणि निष्ठावंत आहे’ : माहुताला चालते. ‘वरिष्ठांचे पूर्ण समाधान होईल असे काम करीन’ : माहुतालाही चालते, हत्तीलाही चालते. ‘कोणतीही कसर ठेवणार नाही’ : चालते. जे वाक्य माहुताला चालते ते कारकुनाच्या अर्जात नको, ते खोडायचे. असे खोडत गेलो तेव्हा तिच्या पानावर पत्ता, तारीख, जाहिरातीचा उल्लेख आणि ‘बी.कॉम. दुसरे वर्ष’ एवढेच उरले. पोरीचे डोळे भरून आले. मी म्हटले, बाई, रडू नको. कागद आता स्वच्छ झाला, आता लिहू.

मग मी प्रश्न विचारू लागलो. सुट्टीत काय करतेस? काही नाही सर, गावी जाते. गावी काय करतेस? मामांचा संत्र्याचा व्यवहार आहे, तिथे बसते. बसून काय करतेस? वही लिहिते. हे ‘वही लिहिते’ बाहेर काढायला मला अर्धा तास लागला, वाचकहो! गेले दोन हंगाम ती मामांकडे रोजची नोंदवही ठेवत होती. किती क्रेट भरली, कोणत्या गाडीत गेली, गाडीचा क्रमांक काय, व्यापाऱ्याने किती उचल दिली, बाकी किती राहिली, हे सगळे ती लिहीत असे आणि रात्री रोख मोजून बेरीज जुळवूनच जेवत असे. एकदा वहीतली क्रेट आणि गाडीवाल्याच्या चिठ्ठीतली क्रेट जुळेनात. तेव्हा तिने मागच्या चार दिवसांच्या चिठ्ठ्या काढून फरक कोठे पडला ते शोधले. एक फेरी दोनदा लिहिली गेली होती. आणि ही मुलगी म्हणते, माझ्याजवळ कुठे अनुभव आहे! तिचेही चुकत नाही. पगार नसलेल्या कामाला अनुभव म्हणतात, हे तिला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. त्याशिवाय तिच्याजवळ टंकलेखनाची दोन प्रमाणपत्रे होती, मराठी 30 आणि इंग्रजी 40. तीही अर्जात नव्हती, कारण आदर्श उत्तरात नव्हती.

नवा अर्ज तिने स्वतः लिहिला. मी फक्त शेजारी बसलो. तो इंग्रजीत होता. त्याचा मजकूर मराठीत असा होतो :

‘आपली हितवादमधील जाहिरात वाचून बिले व पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या लिपिकाच्या जागेसाठी हा अर्ज करीत आहे.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. इंग्रजी टंकलेखनाची मिनिटाला 40 शब्दांची आणि मराठीची 30 शब्दांची परीक्षा मी उत्तीर्ण झाले आहे. प्रमाणपत्रांच्या प्रती सोबत आहेत.

गेले दोन हंगाम मी काटोलजवळ माझ्या मामांच्या संत्र्याच्या व्यवहारात रोजची नोंदवही ठेवली आहे. क्रेटांची संख्या, गाडीचा क्रमांक, व्यापाऱ्यांची उचल व बाकी मी लिहीत असे आणि रोज रात्री रोख जुळवीत असे. हे काम पगारी नव्हते.

टॅली मी वर्गात तीन महिने शिकले आहे. दुकानात प्रत्यक्ष वापरलेले नाही.

मी सक्करदऱ्याला राहते. माझे कॉलेज सकाळचे असून साडेदहाला सुटते. अकरा ते आठ ही वेळ मला सोयीची आहे. बोलावल्यास नोंदवही घेऊन भेटायला येईन.’

झाले. याखाली ‘युवर्स फेथफुली’ आणि तिची सही. यातले एकही वाक्य माहुताला चालणार नाही. इंग्रजी अवघड म्हणाल तर ‘आय कॅन टाइप फॉर्टी वर्ड्स अ मिनिट इन इंग्लिश’ हे वाक्य सातवीतले पोर लिहील. ‘हॅविंग कम टू लर्न फ्रॉम रिलायेबल सोर्सेस’ ही मोळी बांधताना भल्याभल्यांचे कियापद घसरते. या अर्जातली दोन वाक्ये मला फार मोलाची वाटतात. ‘हे काम पगारी नव्हते’ आणि ‘दुकानात प्रत्यक्ष वापरलेले नाही’. दोन्ही वाक्ये तिच्या विरुद्ध जाणारी आहेत, असे वरवर दिसते. पण ज्याने उणे सांगितले त्याचे अधिकही खरे असणार, हा हिशेब व्यापाऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. शिवाय शेवटच्या परिच्छेदाकडे पाहा. कॉलेजात जाणारी मुलगी म्हटल्यावर मालकाच्या मनात पहिली शंका वेळेची येणार. ती त्याने विचारण्यापूर्वीच मिटली.

सही करून झाल्यावर तिने मला विचारले, ‘सर, परीक्षेत अर्जाचा प्रश्न आला तर हा लिहू की पुस्तकातला?’

मी म्हणालो, पुस्तकातला लिही.

दुसरे काय सांगणार? त्या पोरीचे गुण मी कशाला बुडवू? तपासनिसापुढे गठ्ठा असतो. मांडणीला इतके, भाषेला इतके, मजकुराला इतके गुण अशी वाटणी असते. मांडणी आदर्श उत्तरासारखी, भाषा आदर्श उत्तरासारखी, तर मजकूर वाचायचा कशासाठी? गुण देऊन पुढची उत्तरपत्रिका. वेगळा अर्ज दिसला की त्याला थांबावे लागते, विचार करावा लागतो, आणि गठ्ठ्याला थांबणे परवडत नाही. शिवाय तिच्या अर्जात काटोल आहे, सक्करदरा आहे, मामा आहेत. ओळख उघड केली म्हणून एखादा तपासनीस लाल शाईने वर्तुळ करायचा. खरा अर्ज लिहिला तर शिक्षेची भीती, खोटा लिहिला तर पुरे गुण, अशी ही व्यवस्था आहे.

माझ्या पेशातले काही मित्र या आदर्श उत्तराची बाजू घेतात. ते म्हणतात, खेड्यातून आलेल्या पोराचे इंग्रजी कच्चे. त्याला धरायला एक काठी नको का? काठी अवश्य द्या. पत्ता कोठे लिहायचा, तारीख कोठे, जाहिरातीचा उल्लेख पहिल्याच वाक्यात का करायचा, शेवट कसा करायचा, हे ठराविकच असते आणि ते पाठ करण्यात काही वाईट नाही. जाहिरातीचा उल्लेख नसेल तर तीन जागांच्या जाहिराती देणाऱ्या पेढीत तुमचा कागद भलत्याच गठ्ठ्यात पडतो. हे कळले की पोर तो नियम जन्मभर विसरत नाही. माझे म्हणणे मधल्या मजकुराबद्दल आहे. तिथे काठी देण्याऐवजी आपण पोराच्या अंगात दुसऱ्याच माणसाला घुसवतो. आणि याचा सर्वांत मोठा तोटा त्या खेड्यातल्या पोरालाच होतो. शहरातल्या वकील-डॉक्टरांच्या मुलाचा अर्ज घरी कोणीतरी सुधारून देते, किंवा वडिलांच्या एका फोनवर काम होते. ज्याला फोन करणारे कोणी नाही त्याच्याजवळ तो एकच कागद असतो, आणि तो कागद आपण त्याच्यासाठी आधीच भरून ठेवलेला असतो.

तेव्हा प्रश्नच बदला, अशी माझी मागणी आहे. ती काही चंद्र मागणारी नाही. प्रश्नपत्रिकेत एक पूर्ण जाहिरात छापा : कोणते दुकान, कोणते काम, कोणती वेळ. तिच्याखाली एका कल्पित उमेदवाराविषयी दहा गोष्टी द्या आणि त्याला प्रश्नपत्रिकेनेच एक नाव व पत्ता द्या, म्हणजे विद्यार्थ्याची ओळख झाकलेली राहील आणि अ. ब. क.ला एकदाची मुक्ती मिळेल. या दहांपैकी पाच-सहा त्या कामाशी संबंध असलेल्या असाव्यात : टंकलेखनाचा वेग, वही ठेवल्याचे दोन हंगाम, टॅलीचा अर्धामुर्धा परिचय, राहण्याचे ठिकाण, केव्हापासून येऊ शकतो. बाकीच्या मुद्दाम निरुपयोगी असाव्यात : कॅरममधले बक्षीस, रक्तगट, थोरल्या भावाची मुंबईची नोकरी. विद्यार्थ्याने निवड करायची आणि निवडलेल्या गोष्टी आपल्या वाक्यांत मांडायच्या. तपासनिसाचेही काम सोपे होते. कामाची गोष्ट आली की गुण, निरुपयोगी आली की कपात, आणि मूळ यादीत नसलेली एखादी ‘नामांकित कंपनी’ कोणी आणून बसवली तर सरळ शून्य. निवड आपली आपण करावी लागत असल्यामुळे हे उत्तर आदल्या रात्री पाठ करता येत नाही, आणि दर वर्षी जाहिरात बदलली की मार्गदर्शकवाल्यांनाही ते आधी छापून ठेवता येत नाही. त्यांचा विरोध होईल, हे मी गृहीत धरले आहे.

एका परीक्षक मित्राने मला विचारले, ‘आणि त्यात कोणी ‘कष्टाळू, प्रामाणिक, निष्ठावंत’ लिहिलेच, तर किती गुण कापायचे?’ मी म्हटले, पहिली दोन वर्षे कापू नका. सवय जुनी आहे. फक्त समासात ‘कशावरून?’ एवढे लिहा.